फुटका रांजण आणि रसाची वाटी

बार्शीकडच्या आमच्या जुन्या घराच्या परसात एक दगडी कठड्यावर ठेवलेला रांजण होता. मी नऊ वर्षांची असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत, आजी मला म्हणाली, ‘‘सांजच्याला पाहुणे यायचेत, तेवढा रांजण भरून ठेव गं.’’ मी आडावरून कळशी आणायची, रांजणात ओतायची आणि पुन्हा आडाकडे पळायची. सात-आठ कळश्या झाल्या तरी आतलं पाणी हाताला लागेना. मला वाटलं, रांजणच फार मोठा आहे. आणखी चार ओतल्या. मग पायाखाली चिखल झालेला दिसला. रांजणाला बुडाशी चीर गेली होती आणि माझी सगळी मेहनत मागच्या केळीच्या आळ्यात जाऊन मुरली होती. तळहात लाल झाले होते. त्या वेळी पोटात जी भावना दाटली तिला माझ्याकडे नाव नव्हतं.

तिचं इंग्रजी नाव मला दहा वर्षांनी भेटलं, तेही सहजासहजी नाही. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले होते आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी एकदम सगळी पुस्तकं इंग्रजीत समोर आली. शब्दकोशात एखादा शब्द पाहिला की त्याच्याशेजारी पेन्सिलीने एक ठिपका द्यायची मला सवय होती. ‘फ्यूटाइल’ या शब्दाशेजारी चार ठिपके झाले होते. म्हणजे चार वेळा मी तो शोधला होता, ‘व्यर्थ, निष्फळ’ असा अर्थ वाचला होता, वहीत दहा-दहा वेळा लिहिला होता आणि चारही वेळा विसरले होते. ‘बीकर’, ‘फ्लास्क’, ‘व्हाल्व्ह’ हे शब्द मात्र एकदा पाहिले की बसत. ते हातात धरता येत. ‘व्यर्थ’ कुठे धरणार?

एके दिवशी वर्गात सरांनी तो शब्द मोठ्याने उच्चारला. तोवर मी तो फक्त डोळ्यांनी वाचलेला होता. कानाला तो ‘फुटलं’च्या इतका जवळचा लागला की बाकावर बसल्या बसल्या मला परसातला रांजण दिसला, चिखल दिसला, लाल तळहात दिसले. पाचवा ठिपका द्यायची वेळ कधी आली नाही.

या प्रकाराला नाव आहे हे मला बी.एड. करताना कळलं. ‘कीवर्ड पद्धत’. १९७५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड ॲटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिचा नीट प्रयोग केला होता. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना १२० रशियन शब्द शिकवायचे होते, रोज ४० असे तीन दिवस. निम्म्या विद्यार्थ्यांना शब्द आणि अर्थ एवढंच दिलं. उरलेल्यांना सोबत एक इंग्रजी शब्दही दिला, जो कानाला त्या रशियन शब्दासारखा वाटेल. रशियनमध्ये घंटेला ‘झ्वनोक’ म्हणतात. त्यातलं शेवटचं, जोर देऊन उच्चारलेलं अक्षर इंग्रजी माणसाला ‘ओक’ असं ऐकू येतं. मग विद्यार्थ्याने डोळ्यांसमोर एक ओकचं झाड आणायचं, ज्याला फळांऐवजी घंटा लटकल्या आहेत. दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली तेव्हा चित्र करणाऱ्यांना ७२ टक्के शब्द आले, इतरांना ४६ टक्के. सहा आठवड्यांनी न सांगता पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा हेच आकडे ४३ आणि २८ होते.

या आकड्यांत फरक जितका बोलका आहे तितकीच घसरणही. ७२ चे ४३ झाले. चित्र काढलं की शब्द कायमचा झाला, असं या प्रयोगाने कुठेही म्हटलेलं नाही. त्याकडे मी नंतर येते.

पद्धतीला दोन दुवे आहेत. पहिला कानाचा: नव्या शब्दातून ओळखीच्या शब्दाकडे. दुसरा डोळ्यांचा: ओळखीच्या वस्तूतून अर्थाकडे. घंटेसारख्या शब्दात दुसरा दुवा फुकट मिळतो, कारण घंटा दिसते. आमच्या मुलांना अडवणारे शब्द मात्र त्या जातीचे नसतात. बँकेच्या परीक्षेत, वर्तमानपत्राच्या अग्रलेखात, नोकरीच्या पत्रात जे शब्द ठेच लावतात ते जवळपास सगळे भाववाचक किंवा वृत्ती सांगणारे. त्यांचं चित्र काढायचं कसं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला माझ्या भाचीबरोबर बसल्यावर सापडलं.

भाची गेल्या वर्षी बँकेच्या परीक्षेसाठी माझ्याकडे सोलापूरला राहायला आली. तिच्या वहीत शब्दांच्या तीन रांगा होत्या: शब्द, मराठी अर्थ, आणि तिसऱ्या रांगेत बरोबरच्या खुणा, प्रत्येक घोकणीला एक. मी तिला रांजणाची गोष्ट सांगितली. तिला ती इतकी आवडली की त्याच रात्री तिने वीस शब्दांची चित्रं करून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी विचारायला बसले. ‘ॲम्बिव्हॅलंट’ म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, ‘‘आंबा!’’ आणि मग थांबली.

‘‘आंबा आहे मावशी, झाडाखाली एक माणूस उभा आहे, त्याच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह आहे.’’

‘‘मग अर्थ काय?’’

‘‘गोंधळलेला?’’

ती चुकली होती, आणि कुठे चुकली ते तिच्या चित्रातच दिसत होतं. कानाचा दुवा चोख होता. आंबा क्षणात आला. पण अर्थाच्या बाजूला तिने एक खूण ठेवली होती, प्रश्नचिन्ह, आणि प्रश्नचिन्ह कशालाही चालतं. गोंधळ, शंका, अज्ञान, कुतूहल, काहीही. भाववाचक शब्दासाठी माणसाचं मन आधी अशा खुणांकडेच धावतं. न्याय म्हटलं की तराजू, प्रेम म्हटलं की बदाम, विचार म्हटलं की दिवा. पाच शब्दांना पाच खुणा पुरतात, पन्नास शब्द झाले की त्याच त्या खुणा पुन्हा पुन्हा येतात आणि सगळं एकमेकांत मिसळतं.

मी तिला विचारलं, हा शब्द खरा कुणाला लागतो? ज्याला एकाच गोष्टीबद्दल एकाच वेळी हवंही वाटतं आणि नकोही वाटतं, त्याला. त्याला काय करायचं ते कळत नाही असं नाही, आणि त्याला फरक पडत नाही असं तर मुळीच नाही. दोन्ही ओढी खऱ्या आणि दोन्ही जोरात. ‘‘असं कुणी बघितलंयस का तू, आंब्याच्या बाबतीत?’’

ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘‘आजोबा.’’

माझे वडील. त्यांना मधुमेह होता आणि हापूसवर त्यांचा जीव होता. मे महिन्यात पानात रसाची वाटी आली की ते ती उजव्या हाताने जवळ ओढत आणि अर्ध्यात थांबून परत लोटत. मग आम्ही दोघींनी ते चित्र थोडं ताणलं. आजोबांचा उजवा हात वाटी ओढतो आहे, त्याच क्षणी डावा हात ती लोटतो आहे, दोन्ही हातांच्या शिरा ताठ झाल्या आहेत, आणि मधोमध वाटी थरथरते आहे, रस काठावरून ताटात सांडतो आहे. डोळे मिटून तिने हे दहा सेकंद पाहिलं. त्या थरथरत्या वाटीत शब्दाचा अर्थ नेमका आहे. गोंधळलेल्या माणसाची वाटी थरथरत नाही. ज्याला पर्वा नाही त्याने तर वाटीला हातच लावला नसता.

त्या संध्याकाळपासून आम्ही एकच कसोटी ठेवली. चित्रात खूण नको, प्रसंग हवा. कुणीतरी काहीतरी करत असलं पाहिजे, आणि कानाची वस्तू त्या करण्यात गुंतलेली हवी. आंबा बाजूला झाडाला लटकून उपयोग नाही. ओढाताण व्हायला हवी ती आंब्याचीच. वस्तू प्रसंगाबाहेर राहिली की दुसऱ्या दिवशी ती एकटीच आठवते आणि माणूस ‘आंबा, आंबा’ म्हणत बसतो.

यातून एक गोष्ट आपोआप घडते. प्रसंग शोधायचा तर आधी शब्द समजून घ्यावा लागतो. ‘द्विधा’ असा एक मराठी शब्द शेजारी लिहून ते होत नाही. आम्ही प्रत्येक शब्दाची दोन-तीन खरी वाक्यं आधी वाचायचो, शब्दकोशातली किंवा वर्तमानपत्रातली, आणि हा शब्द कुणाबद्दल, कशाबद्दल, कुठल्या घडीला येतो ते पाहायचो. एका शब्दाला पाच-सहा मिनिटं जात. वीस शब्द एका रात्रीत होत नाहीत. सहा-सात झाले तरी पुष्कळ.

दोन दिवसांनी ‘ॲम्बिग्युअस’ आला आणि तिने पुन्हा आंबा काढला. हे होणारच होतं. एकच वस्तू दोन शब्दांना बांधली की आंबा दिसतो, पण कुठल्या दारातून आत जायचं ते कळत नाही. मग आम्ही तो शब्द मोठ्याने चार वेळा म्हटला. त्यात जोर ‘बिग’वर येतो, आणि पुढचा ‘यु’ धरला की ऐकू येतो ‘बिगुल’. मैदानात बिगुल वाजतो. निम्मे सैनिक तो ‘पुढे चला’ असा समजून धावतात, निम्मे ‘मागे फिरा’ समजून वळतात, आणि मधे सगळे एकमेकांवर आपटतात. बिगुल एकच, अर्थ दोन. ‘ॲम्बिव्हॅलंट’ माणसाच्या मनाबद्दल आहे आणि ‘ॲम्बिग्युअस’ बोलण्याबद्दल, लिहिण्याबद्दल, इशाऱ्याबद्दल, हा फरकही त्या चित्रात आपसूक बसला. दोन्ही शब्द ‘दोन्हीकडे’ अशा अर्थाच्या लॅटिन उपसर्गावरून आलेत हेही मी तिला सांगितलं, पण परीक्षेत तिच्या उपयोगी पडला तो बिगुलच.

कानाचा शब्द निवडताना एक धोका असतो, तो मला ‘अलॅक्रिटी’ने शिकवला. मराठी कानाला त्यातून पहिल्यांदा ‘आळस’ ऐकू येतो. अर्थ आहे उत्साही तत्परता, म्हणजे अगदी उलटा. कुणी म्हणेल, उलटा आहे म्हणून लक्षात राहील. राहत नाही. आठवडाभराने ‘आळस’ आठवतो आणि तो उलटा आहे हे विसरून जातं. अशा वेळी तो कीवर्ड टाकून द्यावा, कितीही गोड वाटला तरी. ‘कँडर’ म्हणजे मनमोकळा खरेपणा. भाचीने त्याला ‘कांदा’ लावला आणि कांदा चिरणारी बाई डोळ्यांत पाणी आणून खरं सांगते आहे असं चित्र केलं. चित्र सुरेख होतं, पण कांद्याचे अश्रू तर खोटे असतात! दुसऱ्या दिवशी तिलाही तेच आठवलं आणि उत्तर उलटं गेलं. वस्तूला आपल्या भाषेत आधीपासून जे अर्थ चिकटलेले असतात ते चित्रात आत येतातच. तिने मग कांदा राहू दिला आणि त्याचं काम बदललं. एक माणूस लोकांसमोर कांद्यासारखा स्वतःवरचा एकेक पापुद्रा काढून ठेवतो आहे, शेवटी आत लपवायला काही उरत नाही.

‘मिटिगेट’ने वेगळाच धडा दिला. त्याला ‘मिठी’ हा कीवर्ड मिळाला. पोरगं पडलंय, गुडघा फुटलाय, आई त्याला मिठीत घेते. जखम तशीच आहे, रडण्याचा जोर कमी होतो. या शब्दाचा बारकावा इतक्या नेमकेपणाने मी कुठल्या मराठी प्रतिशब्दात पाहिलेला नाही. ‘मिटिगेट’ म्हणजे बरं करणं नव्हे, काढून टाकणंही नव्हे. तीव्रता कमी करणं. चित्र उत्तम असूनही भाचीने वाक्य लिहिलं ते असं: आईने मुलाला ‘मिटिगेट’ केलं. इंग्रजीत माणसाला ‘मिटिगेट’ करत नाहीत. धोक्याला करतात, नुकसानीला करतात, दुष्काळाच्या परिणामांना करतात. मिठी माणसाला मारतात, म्हणून चित्राने तिला तिकडे ओढलं होतं.

इथे या पद्धतीची हद्द येते. १९९३ साली निक एलिस आणि ॲलन बीटन यांनी जर्मन शब्दांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. परका शब्द पाहून अर्थ सांगायचा असेल तर कीवर्डचं चित्र फार कामाचं, पण अर्थावरून तो परका शब्द स्वतः उच्चारायचा असेल तर शब्द पुन्हा पुन्हा म्हणण्याची साधी घोकणी अधिक उपयोगी पडली. कारण सरळ आहे. ‘मिठी’वरून ‘मि’ मिळतो, ‘टिगेट’ मिळत नाही. आंब्यावरून पुढचं ‘व्हॅलंट’ मिळत नाही. उच्चार, स्पेलिंग, कुठला शब्दयोगी शब्द पुढे येतो, कुणाशी तो जोडतात, यातलं काहीच चित्रात नसतं. म्हणून आम्ही चित्रानंतर प्रत्येक शब्दाचं एक वाक्य तोंडपाठ करायला सुरुवात केली, शब्दकोशातलं, जसंच्या तसं. ‘ॲम्बिव्हॅलंट’ला ‘अबाउट’ लागतो, तो वाक्यातूनच आला.

आता त्या घसरणीबद्दल. १९९० च्या दशकात आल्विन वांग आणि मार्गारेट थॉमस यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कीवर्डने शिकलेल्यांना जर शिकल्या दिवशी काहीच विचारलं नाही आणि थेट बऱ्याच दिवसांनी विचारलं, तर त्यांची सुरुवातीची आघाडी उरत नाही; ते घोकणाऱ्यांपेक्षा वेगाने विसरलेले असतात. मला हे वाचून आधी वाईट वाटलं, मग पटलं. इतकं रंगीत चित्र समोर असलं की शब्द आला असं वाटतं आणि आपण तो पुन्हा तपासत नाही. चित्र दिसणं आणि चित्रातून अर्थापर्यंत पोहोचणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याचा सराव करावा लागतो.

भाचीची वही तेव्हा आम्ही बदलली. डाव्या पानावर फक्त शब्द. उजव्या पानावर अर्थ आणि वाक्य, आणि ते पान दुमडून झाकलेलं. चित्र कुठेच लिहायचं नाही, ते डोक्यात. शिकल्यावर त्याच रात्री जेवणानंतर एकदा झाकून विचारायचं, मग दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी. अडखळली तर आधी ‘कानाला काय ऐकू येतंय?’ एवढंच विचारायचं. वस्तू आठवली आणि अर्थ आठवला नाही, तर प्रसंग कच्चा, तो नव्याने बांधायचा. वस्तूच आठवली नाही, तर कानाचा दुवा कच्चा, दुसरा शब्द शोधायचा. कुठला दुवा तुटला हे कळल्यामुळे तिचा कितीतरी वेळ वाचला. घोकताना शब्द विसरला की तो पुन्हा घोकण्याखेरीज दुसरं काही करता येत नसे.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी मी तिला ‘ॲम्बिव्हॅलंट’ विचारला. तिने ताबडतोब अर्थ सांगितला. ‘‘आजोबा दिसले का गं?’’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘नाही मावशी, आता नाही दिसत. तू म्हणालीस म्हणून दिसले.’’ मला क्षणभर चुकल्यासारखं झालं, वडील पुन्हा एकदा उठून गेल्यासारखं. पण हेच व्हायला हवं होतं. इंग्रजी वाचताना दर ओळीला आंबे आणि बिगुल मधे येऊ लागले तर वाचणं होणार कसं? वीसेक वेळा नीट वापरला गेलेला शब्द थेट अर्थाकडे जातो. चित्र तोवरचं.

फ्यूटाइलच्या बाबतीत मात्र माझं तसं झालेलं नाही. तीस वर्षं झाली, तरी तो शब्द आला की रांजण येतोच. भाचीला ते सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘बघू या, कुठून आलाय तो शब्द.’’ तिने व्युत्पत्ती देणारा शब्दकोश उघडला. ‘फ्यूटाइल’ आला आहे लॅटिन ‘फूटिलिस’वरून. त्याचा मूळ अर्थ तिने मोठ्याने वाचला: सहज सांडून जाणारं, गळकं. भांड्यासाठी.

आम्ही दोघी थोडा वेळ काहीच बोललो नाही. माझ्या कानाने मराठी ‘फुटलं’ ऐकलं होतं. या दोन शब्दांचं आपापसात काही नातं मला माहीत नाही, कीवर्डला ते लागतही नाही. पण दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी, कुठल्यातरी अंगणात, गळक्या भांड्यात पाणी ओतत राहिलं असणार आणि वाया गेलेल्या कष्टांना त्याने त्या भांड्याचं नाव दिलं असणार. भाचीने शब्दकोशात ‘फ्यूटाइल’शेजारी पेन्सिलीने एक ठिपका दिला.